अंडे उबवणारा बाप

कोंबडी खुडूक झाली की आपली आजी तिला टोपल्यात भुसा घालून अंड्यांवर बसवते. एकवीस दिवसांनी पिल्ले निघतात. तेवढ्या दिवसांत कोंबडी दिवसातून एखादवेळ खाली उतरते, दाणे टिपते, पाणी पिते आणि लगबगीने परत येऊन बसते. कोंबडा मात्र उकिरड्यावर बांग देत हिंडतो. अंड्याशी त्याचा काही संबंध नसतो.

पण पृथ्वीच्या अगदी दक्षिण टोकाला, अंटार्क्टिका खंडाच्या काठावर, एक पक्षी असा आहे की त्याच्यात नरच अंडे उबवतो. त्याचे नाव एम्परर पेंग्विन, म्हणजे सम्राट पेंग्विन. मुंबईच्या राणीच्या बागेत 2016 साली पेंग्विन आणले, ते हे नव्हेत. ते हम्बोल्ट जातीचे, दक्षिण अमेरिकेच्या किनाऱ्यावरचे, आणि अंगाने लहान. सम्राट पेंग्विन उभा राहिला तर आपल्या दुसरी-तिसरीच्या पोराएवढा उंच भरतो, आणि वजन 38 किलोच्या घरात.

आपल्याकडे मृग लागतो, पऱ्हाटीची पेरणी सुरू होते, तेव्हा तिकडे भर हिवाळा असतो. दिवस जेमतेम उजाडतो. पारा उणे 40 अंशांपर्यंत उतरतो आणि वर वादळी वारा. आपल्याकडे पौषात शेकोटी पेटवली तरी दात वाजतात, मग तिथे काय होत असेल! अशा वेळी मादी अंडे घालते. एकच अंडे. ते सुमारे साडेचारशे ग्रॅमचे, म्हणजे कोंबडीच्या आठ-नऊ अंड्यांएवढे.

मादीच्या अंगातली ताकद अंडे घालण्यात खर्ची पडते. म्हणून ती अंडे नराच्या हवाली करून समुद्राकडे खायला निघून जाते. हे हवाली करणे फार जोखमीचे असते. मादी अंडे पायावरून हळूच सोडते आणि नर चोचीने व पायांनी ते आपल्या पायांवर ओढून घेतो. अंडे बर्फावर घरंगळले आणि लवकर उचलता आले नाही, तर आतले पिल्लू गोठून मरते. पहिल्यांदाच जोडी जमलेल्या पेंग्विनांची कित्येक अंडी अशीच जातात.

तिथे ना काडी, ना गवत, ना माती. पायाखाली गोठलेला समुद्र. घरटे कशाचे बांधणार? म्हणून नराचे पाय हेच घरटे. त्याच्या पोटाच्या खालच्या बाजूला कातडीची एक घडी असते. ती घडी गोधडीसारखी अंड्यावर येते. आतल्या बाजूला एक जागा पिसे नसलेली असते, तिथे अंडे थेट उघड्या कातडीला टेकते आणि बाहेर उणे 40 असले तरी अंड्याला बापाच्या अंगाची ऊब मिळते. नर पायाची बोटे वर उचलून टाचांवर आणि शेपटीवर भार देतो, म्हणजे बर्फाला पायाचा स्पर्श कमीत कमी होतो. चालायचेच झाले तर अंडे पायांवर सांभाळत फरफटत, इंच-इंच सरकतो.

आता खरा प्रश्न. हा बाप खातो काय? काहीच नाही. मासे समुद्रात आणि समुद्र कित्येक मैल लांब. अंडे सोडून जाता येत नाही. तहान लागली तर बर्फ चोचीत घेतो, बस्स. अंगावरची चरबी हीच त्याची शिदोरी.

मी पाटीवर हिशेब करून पाहिला. समजा नर 5 एप्रिलला किनाऱ्यावरून वसाहतीत आला. जोडी जमण्यात 50 दिवस गेले, 25 मे रोजी अंडे झाले. अंडे उबायला 64 दिवस लागतात, म्हणजे पिल्लू 28 जुलैला निघेल. 50 आणि 64 मिळून 114, धरा 115 दिवस उपास. आला तेव्हा 38 किलो, शेवटी उरला 23 किलो. 15 किलो घटले. 15,000 ग्रॅमला 115 ने भागले तर रोजचे साधारण 130 ग्रॅम आले.

आता समजा थंडीशी एकट्याने झुंजताना रोज 200 ग्रॅम जळाले. मग 15 किलो 75 दिवसांतच संपतील, म्हणजे 19 जूनला. अंडे निघायला तेव्हा 39 दिवस बाकी! एकटा राहिला तर काही निभणार नाही, हे यावरून ध्यानात येते.

म्हणून सारे नर एकत्र येतात. धनगराच्या मेंढ्या थंडीच्या रात्री शेतात कशा अंगाला अंग लावून बसतात, ते आपण पाहतोच. तसेच हे पेंग्विन, पण उभे राहून. एका चौरस मीटर जागेत, म्हणजे आपल्या वर्गातल्या एका छोट्या आसनपट्टीच्या जागेत म्हणा ना, दहापर्यंत पेंग्विन मावतात. डोके खाली घालून पुढच्याच्या पाठीला छाती लावतात. शास्त्रज्ञांनी मोजले तेव्हा घोळक्याच्या आतली हवा कधीकधी 37 अंशांपर्यंत चढलेली आढळली. बाहेर उणे, आणि आत आपल्या वैशाखासारखे!

आमच्या आजीला हे सांगितले तर ती म्हणाली, "अरे, मग मधले मजेत अन् कडेचे मरतात का?" मी गुरुजींना विचारले. त्यांनी समजावून दिले. घोळका एका जागी थिजलेला नसतो. दर अर्ध्या-एक मिनिटाने एखादा पेंग्विन पाच-दहा सेंटीमीटरचे पाऊल टाकतो, त्याच्या शेजारचा टाकतो, त्याच्या पुढचा टाकतो. पाण्यावर लाट जावी तशी हालचाल सगळ्या घोळक्यातून जाते. शिवाय ज्या बाजूने वारा येतो तिथले पेंग्विन मागे-मागे पडून कडेने फिरून आडोशाच्या बाजूला येतात. त्यामुळे सगळ्यांची पाळी येते. आतल्यांना उकडू लागले की घोळका मोडतो, थोड्या वेळाने पुन्हा जमतो.

दुसऱ्या जातींचे पेंग्विन आपापल्या घरट्याच्या जागेवरून चोचीने भांडतात. यांना घरटेच नाही, म्हणून जागेचे भांडण नाही. घरटे पायांवर असल्यामुळेच ते असे एकत्र चिकटू शकतात.

तरीही कधीकधी मादीला परतायला उशीर होतो. अंड्यातून पिल्लू निघाले तर नर उपाशीपोटी आपल्या घशातून दह्यासारखा पांढरा रस काढून त्याला भरवतो, असे थोडे दिवस चालते. पण चरबी संपत आली की शरीर स्नायूंचे मांस जाळू लागते. तेव्हा वजन रोज जास्त वेगाने घटते, आणि नराच्या मनात आपोआप समुद्राची ओढ उठते. तो अंडे किंवा पिल्लू टाकून निघून जातो. हा निर्दयपणा नव्हे. तो तिथेच मेला तर पिल्लूही मरतेच, आणि जगला तर पुढच्या वर्षी पुन्हा अंडे सांभाळू शकतो.

बहुतेक वेळा मादी वेळेवर येते. हजारोंच्या गलक्यात नुसत्या आवाजावरून ती आपला जोडीदार ओळखते. पिल्लू तिच्या पायांवर जाते आणि रोडावलेला बाप समुद्राकडे चालू लागतो.

इतके सगळे भर हिवाळ्यात कशासाठी? कारण पिल्लाला पोहण्याजोगी पिसे यायला पाच महिने लागतात. हिवाळ्यात अंडे घातले तरच डिसेंबर-जानेवारीत, बर्फ फुटून समुद्र मोकळा होईपर्यंत ते तयार होते. बर्फ त्याआधीच फुटला तर? 2016 साली हॅली बे येथील वसाहतीत तसेच झाले, आणि जवळपास सगळी पिल्ले समुद्रात गेली. 2022 साली अंटार्क्टिकाच्या बेलिंग्सहाउझेन समुद्रात पाच वसाहतींपैकी चारांत एकही पिल्लू वाचले नाही. बापाने 115 दिवस उपास काढला तरी त्याच्या पायाखालचा बर्फ टिकला पाहिजे.

सांगा पाहू : एखादा नर 36 किलो वजनाने आला आणि रोज 130 ग्रॅमने घटला, तर 100 दिवसांनी त्याचे वजन किती उरेल? उत्तर वहीत लिहून आणा.