कपातीच्या पत्रातले दोन ‘पंधरा दिवस’

चाकणच्या एखाद्या सुट्या भागांच्या कारखान्यात ऑर्डर घटतात, एक लाइन बंद होते आणि काही कामगारांच्या हातात पत्र पडते : ‘आपले पद अतिरिक्त ठरल्याने सेवा समाप्त करण्यात येत आहे.’ खाली रकमांचे कोष्टक असते आणि ‘फुल अँड फायनल’ची तारीख असते. धक्क्यात असलेला माणूस एकूण रक्कम पाहतो आणि सही करतो. वाचायला हवे ते कोष्टक.

२१ नोव्हेंबर २०२५ पासून कपातीला औद्योगिक संबंध संहिता लागू आहे. सलग वर्षभर सेवा झालेल्या कामगाराला कारण सांगणारी एक महिन्याची लेखी नोटीस किंवा त्याऐवजी महिन्याचा पगार द्यावा लागतो. शिवाय भरपाई द्यावी लागते : सेवेच्या दर वर्षाला पंधरा दिवसांचा सरासरी पगार. तीनशे किंवा अधिक कामगारांच्या कारखान्यात आधी सरकारची परवानगी लागते आणि नोटीसही तीन महिन्यांची असते.

आता हिशेब. समजा, कामगाराची सेवा ७ वर्षे ८ महिने आहे आणि हिशेबात धरायचा पगार महिना २६,००० रुपये आहे. सहा महिन्यांवरचा तुकडा पूर्ण वर्ष धरला जातो, म्हणून वर्षे झाली आठ. सेवा ७ वर्षे ४ महिने असती, तर सातच धरली असती. भरपाईसाठी पंधरा दिवस म्हणजे अर्धा महिना : १३,००० गुणिले ८, म्हणजे १,०४,००० रुपये.

ग्रॅच्युइटीही दर वर्षाला पंधरा दिवसांचीच, पण तिथे महिना सव्वीस दिवसांचा धरतात, कारण साप्ताहिक सुट्या वगळल्या जातात. २६,००० भागिले २६, गुणिले १५, म्हणजे वर्षाला १५,००० आणि आठ वर्षांचे १,२०,००० रुपये. दोन्ही ओळींत आकडा एकच दिसला, तर एक ओळ चुकलेली आहे. काही पत्रांत तर ‘सेवासमाप्ती लाभ’ अशी एकच ओळ असते. ती कशाची, हे लेखी विचारावे; या दोन स्वतंत्र रकमा आहेत आणि एक दिली म्हणून दुसरी बुडत नाही.

नव्या संहितेने तिसरी रक्कमही आणली आहे. पुनर्कौशल्य निधीसाठी मालकाने शेवटच्या पगाराप्रमाणे पंधरा दिवसांचे पैसे भरायचे आणि ते कपातीपासून ४५ दिवसांत कामगाराच्या खात्यात जमा व्हायचे. ही रक्कम भरपाईतून वजा होत नाही.

पत्रातली सगळ्यात मोठी गफलत तारखांची असते. ‘सर्व रकमा ४५ दिवसांत, नो ड्यूज मिळाल्यावर’ असे वाक्य सर्रास असते. कायद्यात मात्र प्रत्येक रकमेची वेळ वेगळी आहे. राहिलेला पगार दोन कामाच्या दिवसांत आणि ग्रॅच्युइटी ३० दिवसांत मिळायला हवी. भरपाई तर कपात करतानाच हातात पडायला हवी. मुंबईच्या जे. जे. रुग्णालयातल्या वॉर्ड कर्मचाऱ्यांच्या खटल्यात १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, ही भरपाई त्याच वेळी न देता केलेली कपात अवैध ठरते. नियम जुन्या कायद्याचा होता, पण संहितेतही तीच अट आहे.

कंपनीच्या वस्तू परत करायच्याच असतात : ओळखपत्र, हत्यारे, गणवेश, मोबाइल, लॅपटॉप. प्रत्येक वस्तूची क्रमांकासह यादी करून जमा करताना पोच घ्यावी. पुढे ‘चार्जर आला नाही’ म्हणून रक्कम अडकली, तर तोच कागद उपयोगी पडतो. एखादी वस्तू खरोखर हरवली, तरी सोपवलेली वस्तू कामगाराच्याच निष्काळजीपणामुळे गेली असेल तेवढ्यापुरतीच पगारातून कपात करता येते आणि आधी त्याचे म्हणणे ऐकावे लागते. ग्रॅच्युइटी रोखायला हे कारण चालत नाही.

हे सारे ‘कामगार’ या व्याख्येत बसणाऱ्यांसाठी आहे. व्यवस्थापक आणि महिना अठरा हजारांवर पगार घेणारे पर्यवेक्षक त्याबाहेर राहतात. त्यांची भरपाई नेमणूकपत्रातल्या अटींवर ठरते, ग्रॅच्युइटी मात्र त्यांनाही मिळते. हुद्द्याला ‘एक्झिक्युटिव्ह’ लावले म्हणून कुणी व्याख्येबाहेर जात नाही. प्रत्यक्ष काम कोणते, हे पाहिले जाते.

पत्राऐवजी राजीनाम्याचा कागद पुढे आला, तर सही करू नका, कारण राजीनामा दिलेल्याला कपातीची भरपाई मिळत नाही. आणि रक्कम कमी वाटली, तरी पैसे घ्या. पावतीवर मात्र ‘हक्क राखून स्वीकारले’ असे लिहून, तिची प्रत जवळ ठेवा.