शाखा व्यवस्थापकाचे शिफारसपत्र : विमा प्रतिनिधी ते विमा दलाल

शिफारसपत्र म्हणजे स्तुतिपत्र नव्हे. ती लेखी साक्ष असते. हा फरक आपण एका उदाहरणावरून समजून घेऊ. आयुर्विमा कंपनीची एक अनुभवी प्रतिनिधी विमा दलालीचा परवाना मिळवू इच्छिते आणि त्यासाठी ती आपल्या शाखा व्यवस्थापकाकडे पत्र मागते. व्यवस्थापकाने काय लिहावे?

पत्रामागील व्यवहार

प्रतिनिधी विमा कंपनीच्या वतीने काम करतो, तर दलाल ग्राहकाच्या वतीने. अनेक कंपन्यांच्या योजना पडताळून ग्राहकास योग्य ती सुचविणे हे दलालाचे कर्तव्य असते. ज्याला बोलीभाषेत ‘परवाना’ म्हणतात, त्यास भारतीय विमा नियामक व विकास प्राधिकरण ‘नोंदणी प्रमाणपत्र’ म्हणते. सर्वसाधारणपणे ते एकट्या व्यक्तीला नव्हे, तर कंपनी किंवा सहकारी संस्था अशा संस्थेला मिळते. त्या संस्थेच्या प्रधान अधिकाऱ्याला प्रशिक्षण घेऊन परीक्षा उत्तीर्ण व्हावे लागते आणि तो त्या पदासाठी योग्य व विश्वासार्ह असावा लागतो. आपल्या उदाहरणातील अर्जदार अशा नव्या कंपनीची नियोजित प्रधान अधिकारी आहे. प्रशिक्षण व परीक्षेची जागा पत्र घेऊ शकत नाही. विश्वासार्हतेच्या प्रश्नावर मात्र ते उपयोगी पडते.

येथे एक बाब ध्यानात घ्यावी. दलालीत जाताना जुने प्रतिनिधित्व सोडावे लागते. म्हणजे शाखेचा एक चांगला प्रतिनिधी कमी होतो. स्वतःचे नुकसान होत असताना दिलेली साक्ष म्हणूनच वजनदार ठरते. परंतु ती साक्षच असली पाहिजे.

दुर्बळ मसुदा

‘सदर प्रतिनिधी अत्यंत प्रामाणिक, मेहनती व कर्तव्यदक्ष असून त्यांना परवाना मिळावा, ही विनंती.’

या वाक्यातून वाचणाऱ्याला काहीही कळत नाही. हीच विशेषणे कोणत्याही व्यक्तीला लावता येतील. शिवाय परवाना द्यावा की नाही, हे ठरविण्याचा अधिकार प्राधिकरणाचा आहे, पत्रलेखकाचा नव्हे.

सुधारित मसुदा

‘मी जून २०१९ पासून या शाखेचा व्यवस्थापक असून तेव्हापासून अर्जदारांचे काम प्रत्यक्ष पाहत आहे. त्या २०११ पासून शाखेशी संलग्न आहेत. २०१९ पूर्वीची माहिती मी शाखेच्या नोंदींवरून देत आहे.

गेल्या तीन वर्षांत त्यांनी मिळविलेल्या दर १०० पॉलिसींपैकी सरासरी ८८ पॉलिसींचा दुसऱ्या वर्षाचा हप्ता भरला गेला. याच काळात शाखेची सरासरी ७४ होती.

२०२१ मध्ये त्यांच्याविरुद्ध एक तक्रार आली. हप्ते दहा वर्षे भरावयाचे आहेत, हे आपणास स्पष्ट सांगितले नाही, असे ग्राहकाचे म्हणणे होते. चौकशीत ते खरे ठरले. त्यानंतर हप्त्यांचा कालावधी प्रत्येक ग्राहकाकडून स्वहस्ते लिहून घेण्याची पद्धत अर्जदारांनी सुरू केली. तशी तक्रार पुन्हा आलेली नाही.

इतर कंपन्यांच्या योजना किंवा सर्वसाधारण विमा यांतील त्यांच्या कामाची मला प्रत्यक्ष माहिती नाही.’

विश्लेषण

पहिल्या परिच्छेदात लेखकाने जे स्वतः पाहिले आणि जे केवळ नोंदींत आहे ते वेगळे ठेवले आहे. ‘मी त्यांना २०११ पासून ओळखतो’ असे त्याने लिहिले असते, तर त्याच्या नियुक्तीची तारीख तपासताच संपूर्ण पत्रावरचा विश्वास उडाला असता.

दुसऱ्या परिच्छेदात विक्रीची एकूण रक्कम नाही, याचे कारण पाहा. मोठी विक्री गळी उतरवूनही करता येते. न झेपणारी पॉलिसी घेतलेला ग्राहक मात्र बहुधा दुसऱ्या वर्षीच हप्ता थांबवतो आणि पॉलिसी बंद पडते. म्हणून पॉलिसी चालू राहण्याचे प्रमाण हा सल्ल्याच्या गुणवत्तेचा अधिक चांगला पुरावा आहे. शाखेची सरासरी शेजारी दिल्यामुळे त्या आकड्याला अर्थ येतो.

तक्रारीचा उल्लेख टाळण्याचा मोह स्वाभाविक आहे. परंतु ती कंपनीच्या नोंदींत असते; नंतर उघड झाल्यास लेखक आणि अर्जदार दोघांवरही संशय येतो. येथे चूक, चौकशी आणि सुधारणा हे तिन्ही टप्पे सांगितल्याने उणीव लपत नाही. उलट अर्जदाराचे वर्तन दिसते.

शेवटचे वाक्य साक्षीची मर्यादा सांगते. दलालाला अनेक कंपन्यांच्या योजनांची तुलना करावी लागते आणि एका कंपनीचा व्यवस्थापक त्या कौशल्याची ग्वाही देऊ शकत नाही. ही कबुली दिल्यामुळे आधीची विधाने अधिक ग्राह्य वाटतात.

स्वयं-अध्ययनासाठी

१. ‘ग्राहकांमध्ये त्या अतिशय लोकप्रिय आहेत’ या वाक्याऐवजी पडताळून पाहता येईल असे विधान लिहा.

२. व्यवस्थापक केवळ आठ महिन्यांपूर्वी शाखेत रुजू झाला असल्यास वरील पत्राचा पहिला परिच्छेद कसा बदलेल, ते लिहा.