पन्नास हजारांच्या खाली लखोटा नको

समजा, एका ग्रामपंचायतीला एस.टी. स्टँडजवळचा गाळा वर्षभरासाठी भाड्याने द्यायचा आहे. बोली बंद लखोट्यातून मागवली आहे. लखोटे सगळ्यांसमोर उघडायचे, ज्याचा आकडा मोठा त्याला गाळा द्यायचा आणि त्याने लिहिलेली रक्कम त्याच्याकडून घ्यायची. इच्छुक दोघे आहेत. एकाला चहा-नाश्त्याचं दुकान टाकायचं आहे, दुसऱ्याला मोबाइल दुरुस्तीचं. जास्तीत जास्त किती भाडं परवडेल हे प्रत्येकाला स्वतःपुरतं पक्कं ठाऊक आहे, समोरच्याचं ठाऊक नाही. पंचायतीला फक्त इतका अंदाज आहे की प्रत्येकाचा आकडा शून्य ते एक लाख यांत कुठेही, सारख्याच शक्यतेने, असू शकतो.

आता प्रश्न असा, की लिलावाच्या नोटिशीत हातची किंमत घालावी का? म्हणजे अमुक रकमेखालचा लखोटा विचारात घेतला जाणार नाही, असं आधीच जाहीर करावं का? बँकांच्या जप्त मालमत्तांच्या जाहिरातींत ‘राखीव किंमत’ म्हणून छापतात ती हीच. आधी गाळा तर जाऊ दे, किंमत कशाला अडवायची, असं म्हणणारे सदस्य प्रत्येक सभेत असतात. त्यांचं म्हणणं हिशेबावर तपासता येतं.

हातची किंमत नसेल तर दोघे काय लिहितील? ज्याला ८० हजार परवडतात तो ८० हजार लिहिणार नाही, कारण मग गाळा मिळूनही हाती काही उरत नाही. आकडा खाली आणावा तर नफा वाढतो, पण गाळा हातचा जाण्याची भीतीही वाढते. दोन्ही बाजू तोलल्या की एकच उत्तर स्थिर राहतं: दोघांनीही आपल्या खऱ्या आकड्याच्या निम्मी बोली लावायची. समोरचा निम्मी लावत असेल तर आपल्यालाही निम्मीच फायद्याची पडते. दोघांपैकी मोठा आकडा सरासरीने ६६,६६७ चा असतो. त्याच्या निम्मे, म्हणजे ३३,३३३ रुपये, ही पंचायतीची सरासरी मिळकत.

आता ५० हजारांची हातची किंमत लावू. इथे शक्यता तीन. चारांत एकदा दोघांचेही आकडे ५० हजारांखाली असतील. मग लखोटाच येणार नाही आणि गाळा रिकामा राहील. एरवी अशा वेळी पंचायतीला सरासरी १६,६६७ मिळाले असते, ते गेले. चारांत दोनदा एकाचा आकडा ५० हजारांवर आणि दुसऱ्याचा खाली असेल. चारांत एकदा दोघांचेही वर.

खरी गंमत वरच्या दोन शक्यतांत आहे. हातची किंमत फक्त कमी लिहिणाऱ्याला ५० हजारांपर्यंत ओढते, असं सहज वाटतं. प्रत्यक्षात ती भल्या मोठ्या गिऱ्हाइकाचाही आकडा वाढवते. ज्याला ६० हजार परवडतात तो आधी ३० हजार लिहीत होता, आता सुमारे ५०,८३३ लिहितो. ८० हजारवाला ४० हजारांवरून ५५,६२५ वर जातो. ज्याला पूर्ण एक लाख परवडतात तो आधी ५० हजार लिहायचा, म्हणजे हातची किंमत त्याला वरवर पाहता लागूच होत नव्हती. तोही आता ६२,५०० लिहितो. कारण समोरचा मैदानात असेलच तर त्याची बोली आता ५० ते साडेबासष्ट हजारांच्या अरुंद पट्ट्यात कोंबलेली आहे. त्या पट्ट्यात हजार रुपयांनी मागे राहिलं तर गाळा जाण्याची शक्यता पूर्वीपेक्षा जास्त वाढते. म्हणून तो वर सरकतो.

या बोलींची सरासरी काढली, तर एकच जण वर असताना पंचायतीला सुमारे ५४,८३० मिळतात. पूर्वी ३७,५०० मिळत. दोघेही वर असताना सुमारे ५७,०१० मिळतात; पूर्वी ४१,६६७. तिन्ही शक्यता त्यांच्या वजनाने मोजल्या की सरासरी मिळकत ४१,६६७ होते. चारांत एकदा गाळा रिकामा ठेवूनही ३३,३३३ वरून ४१,६६७, म्हणजे चौथा हिस्सा वाढ.

पण ५० हजारच का? ४० किंवा ६० का नाही? इच्छुक एकटाच असता तर हातची किंमत म्हणजेच भाव: घ्या नाहीतर सोडा. ४० हजार सांगितले तर तो शंभरांत साठ वेळा घेईल, सरासरी २४ हजार. ६० हजार सांगितले तर चाळीस वेळा, पुन्हा २४ हजार. ५० हजारांना पन्नास वेळा, २५ हजार; याच्यावर कुठलाच आकडा जात नाही. इच्छुक वाढले तरी हातची किंमत थोडी वर-खाली करण्याचा फरक तेव्हाच पडतो, जेव्हा बाकी सगळे तिच्याखाली असतात आणि एकच जण उरतो. म्हणजे प्रश्न पुन्हा एकट्या गिऱ्हाइकाचाच. म्हणून दोन असोत वा दहा, हातची किंमत तीच राहते. रॉजर मायर्सन यांनी १९८१ मध्ये हा सिद्धान्त कितीतरी व्यापक रूपात मांडला. २००७ चं अर्थशास्त्राचं नोबेल त्यांना विभागून मिळालं, त्यामागे या प्रकारचं काम होतं.

गाळा रिकामा राहिला तर पंचायत तो स्वतः गोदाम म्हणून वापरून २० हजार वाचवू शकत असेल, तर हातची किंमत ६० हजार ठेवावी: एक लाख आणि २० हजार यांच्या बरोबर मध्ये. नेमकी २० हजार ठेवली तर ती कमीच पडते, आणि पुष्कळ विक्रेते नेमकं हेच करतात.

या हिशेबाला मर्यादा आहेत. सगळ्यांचे आकडे ६० हजार ते एक लाख यांतच असतील, तर त्याहून वरची हातची किंमत नुकसानच करते. इच्छुक वाढत गेले की तिचा फायदाही आटतो: तिघांच्या लिलावात मिळकत ५० हजारांवरून ५३,१२५ होते, एवढंच. आणि या तिघांचे ५० हजार हातच्या किमतीशिवाय मिळालेले आहेत. दोघांसाठी नेमकी किंमत बसवून ४१,६६७ मिळत होते. जेरेमी ब्युलो आणि पॉल क्लेम्पेरर यांनी १९९६ मध्ये दाखवलं की साधारण परिस्थितीत एक जादा बोलीदार हा उत्तम हातच्या किमतीपेक्षाही मोलाचा. नोटीस वेळेवर आणि चार जणांच्या नजरेत येईल अशी लावणं, याला म्हणून मी हातच्या किमतीच्या आधी ठेवीन.

सगळ्यात कठीण आहे ते शब्दावर टिकणं. गाळा रिकामा राहिला की पुढच्या महिन्यात किंमत उतरवून फेरलिलाव होणार, हे इच्छुकांना ठाऊक असेल, तर ज्याला परवडतं तोही थांबतो. भारतातल्या ७०० मेगाहर्ट्झ स्पेक्ट्रमचा लिलाव बंद लखोट्यांचा नव्हता, फेऱ्यांचा होता, पण हा धडा त्यातही दिसतो. २०१६ मध्ये देशभरासाठी राखीव किंमत प्रति मेगाहर्ट्झ सुमारे ११,४८५ कोटी होती, एकही बोली आली नाही. २०२१ मध्ये ती सुमारे ६,५६८ कोटी केली, तरीही नाही. २०२२ मध्ये सुमारे ३,९२७ कोटींवर आणल्यावर एकट्या जिओने ते राखीव किमतीलाच घेतलं.

किंमत चुकलीय का, हे पंचायतीला तिच्याच दप्तरातून कळू शकतं. दोनच बोलीदार असताना गाळे साधारण चारांत एकदा रिकामे राहणं हे हिशेबाला धरून आहे. वर्षानुवर्षं एकही गाळा परत येत नसेल तर किंमत बहुधा कमी आहे, निम्मे परत येत असतील तर जास्त. अर्थात, ज्या वर्षी गाळा बंद राहतो त्या वर्षी ३० हजारांत तिथे धंदा करू शकला असता असा माणूस गावातच असतो. त्याचं नुकसान या हिशेबात कुठेच येत नाही. विक्रेता खासगी असेल तर तो याचा विचार करणार नाही. ग्रामपंचायतीने तो करावा, आणि म्हणून गणिताने सांगितलेल्या ५० हजारांपेक्षा हातची किंमत थोडी खाली ठेवायलाही तिची हरकत नसावी: ४० हजार ठेवली तर सरासरी मिळकत ४०,८०० रुपये राहते, आणि गाळा रिकामा राहण्याची शक्यता शंभरांत पंचवीसवरून सोळावर येते.