लंडनच्या फराळ-जत्रेत चकलीचं लेबल

लंडनमध्ये दिवाळीच्या फराळ-रांगोळी जत्रेची जाहिरात आली की पहिली चौकशी होते ती चकलीची. स्टॉल घेणाऱ्यांनी मात्र आधी लेबलं लिहायला बसावं. स्वतः बनवून, पाकिटात भरून स्टॉलवर विकणाऱ्या खाद्यविक्रेत्यांनाही ब्रिटनमध्ये ऑक्टोबर २०२१ पासून पाकिटावर सगळे घटक लिहावे लागतात, आणि त्यात अ‍ॅलर्जीचे ठरलेले १४ घटक ठळक अक्षरांत. चकलीतले तीळ, शंकरपाळ्यांतला गहू, चिवड्यातले शेंगदाणे त्यातच येतात. हा नियम मला मनापासून पटतो, कारण चिमूटभर तीळसुद्धा एखाद्या मुलाच्या जिवावर बेतू शकतात. रांगोळीवाल्यांनी हॉलच्या लाकडी जमिनीवर थेट रंग टाकू नयेत, फटींत गेलेली पूड सहज निघत नाही. काळा जाड कागद चिकटपट्टीने पक्का बसवावा आणि मगच ठिपके काढावेत.