स्लाइडवरून बीट काढा

गावातल्या आरोग्य शिबिरात रक्तक्षयाची स्लाइड लागली की दोन चित्रं हमखास दिसतात. एक, लाल पेशींचं, म्हणजे पडद्यावर तरंगणाऱ्या लाल चकत्या. दुसरं, बीट, डाळिंब, टोमॅटो आणि सफरचंदाच्या टोपलीचं. चकत्यांकडे पाहून समोरच्या बाईला काहीच बोध होत नाही, त्यामुळे त्यांनी निदान नुकसान तरी होत नाही. टोपलीचा बोध मात्र लगेच होतो आणि तो चुकीचा असतो: लाल खाल्लं की रक्त वाढतं. बिटाचा रंग वेगळ्याच द्रव्याचा, त्याचा लोहाशी संबंध नाही. परसातल्या माठाच्या भाजीत बिटापेक्षा लोह कितीतरी जास्त असतं. पण माठ हिरवा, म्हणून तो टोपलीत बसत नाही. शिवाय आठवडी बाजारात सफरचंदाचा भाव ऐकून बाई म्हणते, हे काही आपल्याला झेपायचं नाही, आणि तिथेच विषय संपतो.

२०१९ ते २१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या १०० स्त्रियांपैकी ५४ जणींना रक्तक्षय आढळला. म्हणजे समाजमंदिरात सतरंजीवर बसलेल्यांपैकी निम्म्याहून अधिक बायकांबद्दलच आपण बोलत असतो. त्यांच्यासाठी मोजक्या स्लाइड पुरतात. चित्र कसलं काढायचं हे ठरवताना एकच कसोटी लावावी: हे पाहून बाई उद्या घरी नेमकं काय करेल?

माझ्या मते चित्रांत एकच बाई शेवटपर्यंत असावी. तिला मंदा म्हणू. वय तीस, दोन लेकरं, शेतमजुरी. पहिल्या स्लाइडवर मंदा खाटेवर निजलेली नको, कारण खाटेवरची बाई आजारी असते आणि पाहणारी स्वतःला आजारी समजत नाही. मंदा हंडा घेऊन चढ चढते आहे, अर्ध्यावर थांबून तिने कमरेवर हात ठेवला आहे, सोबतची पुढे निघून गेली आहे. एवढं दाखवलं की खाली बसलेल्यांपैकी कुणीतरी म्हणतंच, 'हे तर माझंच.' दम लागणं, छातीत धडधडणं, उठताना डोळ्यांपुढे अंधारी येणं हे मग तोंडी सांगावं. माती, पाटीवरची पेन्सिल किंवा कच्चे तांदूळ खावेसे वाटणं हेही लोह कमी असल्याचं लक्षण असू शकतं. पण ते चारचौघांत विचारू नये, आशाताईने एकेकीला बाजूला घेऊन विचारावं.

डोळ्याच्या स्लाइडवर नेहमी गडबड होते. पडद्यावर नुसता मोठा डोळा दाखवला तर तो कुणाचा, कशासाठी, हे कळत नाही. आधी पूर्ण मंदा दिसावी, जाऊबाई बोटाने तिची खालची पापणी ओढून पाहते आहे, आणि मगच पापणीचा आतला भाग जवळून. शेजारी दुसऱ्या बाईची गुलाबी पापणी असावी, नाहीतर फिकट म्हणजे किती फिकट हे समजायला मार्ग नाही. लगेच हेही सांगायला हवं की पापणी पाहून फक्त बराच वाढलेला रक्तक्षय ओळखू येतो. सौम्य रक्तक्षय डोळ्यांना फसवतो. म्हणून पुढचं चित्र बोट टोचून तपासणीचं.

इथे शिबिरवाल्यांसाठीही एक गोष्ट आहे. रांग लांब असली की बोट दाबून दाबून थेंब काढला जातो. दाबल्याने रक्तात ऊतींतलं पाणी मिसळतं आणि आकडा खोटा कमी येतो. बोट आधी गरम हातांनी चोळावं, टोचल्यावर पहिला थेंब पुसून टाकावा आणि पुढचा आपोआप येणारा थेंब यंत्राच्या पट्टीवर घ्यावा. आकड्यांची स्लाइड अगदी मोजकी असावी. गरोदर नसलेल्या बाईला १२ किंवा त्याहून जास्त, गरोदर बाईला ११ किंवा त्याहून जास्त हिमोग्लोबिन हवं. मंदाचं आलं ९.२.

रक्त जातं कुठे, ही पुढची स्लाइड. इथे गळका रांजण काढायचा मोह होतो. पण ज्यांना चित्रं वाचायची सवय नाही त्या बायका रांजणात रांजणच पाहतात आणि पाणी जपून वापरायला सांगतात असं समजतात. त्यापेक्षा सरळ कारण दाखवावं. पाळीत जाणारं रक्त हे सगळ्यात मोठं कारण, आणि नेमकं तेच लाजेपोटी गाळलं जातं. दोरीवर वाळत घातलेले पाळीचे कपडे आणि खाली बसलेली मंदा, एवढं चित्र पुरतं. दर तासा-दोन तासांनी कापड बदलावं लागत असेल, गाठी पडत असतील किंवा पाळी आठवड्याहून जास्त चालत असेल, तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही. जास्त रक्त का जातं हे डॉक्टरांनी पाहायला हवं. लागोपाठची बाळंतपणं हे दुसरं कारण. तिसरं आकडेकृमी, आणि त्याच्या चित्राला जरा जपावं लागतं.

कृमी पडद्याएवढा मोठा काढला की बायका हसतात आणि म्हणतात, असला साप आमच्या पोटात नाही. त्यांचं बरोबर आहे. आकडेकृमी जेमतेम एक सेंटिमीटरचा असतो. म्हणून तो बोटाच्या पेरावर ठेवलेल्या पांढऱ्या दोऱ्याच्या तुकड्यासारखा दाखवावा. त्याच्या अळ्या ओल्या मातीत असतात, अनवाणी पायाच्या कातडीतून आत शिरतात आणि पुढे आतड्यात चिकटून रक्त पितात. तेव्हा चित्र असं: उघड्यावर शौच झालेलं शेत, त्यात अनवाणी पाऊल, आणि पुढच्या चौकटीत चप्पल घातलेलं तेच पाऊल. जंताची गोळी डॉक्टरांच्या सांगण्याने घ्यावी. गरोदरपणाच्या पहिल्या तीन महिन्यांत ती देत नाहीत.

आता ताट. टोपली काढून टाकल्यावर तिच्या जागी मंदाच्या घरचं ताट यावं: बाजरीची भाकरी, मोड आलेल्या मटकीची उसळ, माठ किंवा शेपू, आणि ताटाच्या कडेला लिंबाची फोड. फोड ठसठशीत काढावी, कारण भाजी-भाकरीतलं लोह शरीर मुळात थोडंच शोषून घेतं आणि लिंबू-आवळ्यातलं क जीवनसत्त्व ते शोषण वाढवतं. चहा नेमकं उलट करतो. जेवणावर लगेच चहा घेतला की भाजीतलं बरंचसं लोह वाया जातं. कपावर लाल फुली मारून ही गोष्ट सांगता येत नाही. फुली म्हणजे 'नको' हे शाळेत शिकलेल्यांनाच ठाऊक असतं, आणि चहा सोडा म्हटलं तर ऐकणार कोण? मंदा जेवते आहे तेव्हा चूल विझलेली, भांडी घासून झाल्यावर ती चहाचं आधण ठेवते आहे, अशा दोन चौकटी पुरेत. तासाभराचं अंतर कामाच्या क्रमातून कळतं. अंडी, मटण, मासे खाणाऱ्या घरांसाठी त्यांचंही चित्र असावं. मटण-माशांतलं, विशेषतः मटणातलं, लोह भाजीतल्या लोहापेक्षा सहज अंगी लागतं. गूळ आणि अळिवाचे लाडू जुन्या माणसांनाही पटतात, जरूर दाखवावेत, पण त्यांनी ९.२ चं १२ होईल असा समज होऊ देऊ नये. आहाराने रक्त पुन्हा घसरण्यापासून वाचतं. एकदा इतकं खाली गेलं की गोळी लागते.

म्हणून सगळ्यात जास्त वेळ गोळीच्या स्लाइडला द्यावा. बहुतेक शिबिरांत ती शेवटी येते, तोवर बायका उठायला लागलेल्या असतात. ती मध्यावर घ्या. चित्रातली गोळी उपकेंद्रात मिळते तशीच लाल आणि गोल असावी, कारण किशोरवयीन मुलींची निळी असते आणि घरात दोन्ही पडलेल्या असतात. २०१८ पासूनच्या ॲनिमिया मुक्त भारत कार्यक्रमात एका लाल गोळीत ६० मिलिग्रॅम लोह आणि ५०० मायक्रोग्रॅम फॉलिक ॲसिड असतं. रक्त ठीक असलेल्या बाईला आठवड्याला एक. गरोदर बाईला चौथ्या महिन्यापासून रोज एक, १८० दिवस, आणि बाळंतपणानंतर आणखी १८० दिवस. रक्तक्षय सापडला तर रोज दोन. मंदाला रोज दोन, तीन महिने.

गोळ्या मध्येच सुटतात त्या मळमळीने आणि शौचाच्या रंगाने. शौच काळी होते, बाई घाबरते, सासू म्हणते गोळी उष्ण पडली, आणि पाकीट फडताळात जातं. काळ्या शौचाचं चित्र काढायला कार्यकर्ते संकोचतात. काढावंच. शेतात उभी मंदा हसून जाऊबाईला काहीतरी सांगते आहे, कोपऱ्यात काळा ठिपका, आणि आशाताई मोठ्याने म्हणते, 'काळी झाली तरी घाबरायचं नाही, गोळीतलं जास्तीचं लोह बाहेर पडतंय.' मळमळत असेल तर गोळी जेवणानंतर, रात्री झोपताना, पाण्यासोबत घ्यावी. चहा किंवा दुधासोबत नको. गरोदर बाईला कॅल्शियमची गोळीही असते, ती लोहासोबत घेतली तर लोह कमी शोषलं जातं. एक सकाळी, एक रात्री, यासाठी सूर्य आणि चांदणी ही खूण सगळ्यांना कळते.

मंदाचे पुढचे तीन महिने तीन स्लाइडवर. दर महिन्याच्या चित्रात भिंतीवर दिनदर्शिका आणि बोटाची तपासणी. पहिल्या महिन्यानंतर १०.३, मग ११.३, मग १२.२. गोळ्या नीट घेतल्या तर महिन्याला साधारण एक ग्रॅम वाढतं. महिन्यात एवढं वाढलं नाही तर गोळ्या खरंच घेतल्या का हे आधी विचारायचं, आणि घेतल्या असतील तर डॉक्टरांकडे पाठवायचं. दुसऱ्याच महिन्यात मंदाला बरं वाटू लागतं, चढ चढताना थांबावं लागत नाही, आणि इथेच बहुतेकजणी गोळी बंद करतात. म्हणून दुसऱ्या महिन्याच्या चित्रात मंदा हंडा घेऊन सरळ चढते आहे आणि तरीही रात्री गोळी घेते आहे, हे दोन्ही दाखवावं. १२ च्या वर गेल्यावर रोजच्या दोन थांबतात आणि आठवड्याची एक सुरू राहते.

विदर्भात आणि नंदुरबारसारख्या आदिवासी भागात यात एक भर हवी. तिथे सिकलसेलचा आजार आहे. त्यात रक्त कमी असतं ते लोह कमी म्हणून नव्हे, तर तांबड्या पेशी लवकर मोडतात म्हणून. गोळ्या घेऊनही आकडा हलत नसेल, सांधे दुखत असतील, घरात कुणाला हा आजार असेल, तर त्याची वेगळी तपासणी करून घ्यावी.

धोक्याची स्लाइड एकच: बसल्या जागी धाप, पायांवर सूज, किंवा गरोदर बाईचं हिमोग्लोबिन ७ च्या खाली. चित्रात बाई रुग्णवाहिकेत बसते आहे, नवरा सोबत आहे आणि १०८ हा आकडा मोठ्या अक्षरांत. या अवस्थेत गोळ्यांची वाट पाहत नाहीत, मोठ्या रुग्णालयात शिरेतून लोह किंवा गरज पडली तर रक्त देतात.

स्लाइड तयार झाल्या की शिबिराआधी गावातल्या चार-पाच बायकांना त्या एक शब्दही न बोलता दाखवाव्यात आणि विचारावं, 'या बाईचं काय चाललंय?' उत्तर चुकलं तर चित्र बदलायचं, बाईला समजावत बसायचं नाही. पार्श्वभूमी पांढरी, रेषा जाड ठेवाव्यात, कारण समाजमंदिराच्या दारातून ऊन येतं आणि प्रोजेक्टरवरचे फिके रंग पुसून जातात. वीज गेली तर हाताशी असावा म्हणून तोच संच मोठ्या कागदावर छापून घ्यावा. शेवटच्या कागदावर चित्राखाली कोरी जागा सोडावी. तिथे आशाताई पुढच्या तपासणीचा वार आणि उपकेंद्राची वेळ पेनाने लिहील.