बिडी हलकी असते म्हणे!

लातूरच्या डाळमिलमध्ये दुपारी यंत्रं थांबली, की पहिल्यांदा माणसांचा आवाज ऐकू येतो. डबे उघडतात. अर्ध्या तासातली वीस मिनिटं जेवणात जातात आणि उरलेल्या दहा मिनिटांत भिंतीच्या सावलीला बिडी पेटते. नांदेडच्या एमआयडीसीतही चित्र वेगळं नाही. याच दहा मिनिटांसाठी सामुदायिक रेडिओवर बिडीबद्दल एक छोटा कार्यक्रम लिहायचा होता. सामुदायिक रेडिओचा आवाज दहा-पंधरा किलोमीटरच जातो. त्यामुळे ऐकणारा कोण आणि त्याच्या हातात त्या क्षणी काय आहे, हे लिहिणाऱ्याला नेमकं ठाऊक असतं. आमच्या श्रोत्याच्या हातात बिडी होती.

पहिल्या मसुद्यात मी कर्करोगापासून सुरुवात केली होती. ती काढून टाकली. जेवून बसलेल्या माणसाला घाबरवलं की तो रेडिओ बंद करतो, बिडी नाही. त्याऐवजी त्याचाच दावा धरला. ‘सिगारेटमध्ये केमिकल, बिडी म्हणजे नुसतं पान’ हे वाक्य त्या भिंतीपाशी कुणीही ऐकवेल. म्हणून संवाद असा झाला :

दत्ता : चाचा, बिडी हलकी असते ना? तंबाखू बी थोडीच.

चाचा : तंबाखू थोडी, खरं हाय. पण एक कर, बिडी दोन मिनिटं खाली ठेव बरं.

दत्ता : ...इझली की!

चाचा : सिगारेट ठेवली तर आपोआप जळत राहते. बिडीला वढतच राहावं लागतंय. मग जास्त धूर कुणाच्या पोटात गेला?

सगळी गोम इथंच आहे. बिडीत सिगारेटच्या साधारण पाव भाग तंबाखू असते. पण तेंदूचं पान कागदासारखं हवा आत घेत नाही, म्हणून बिडी सारखी विझते. ती पेटती ठेवायला झुरके भराभर आणि खोल घ्यावे लागतात. पुढे जाळीही नसते. थोड्या तंबाखूचा हिशोब छातीत जाऊन उलटा होतो. हे पटवायला डॉक्टर लागत नाही, बिडी खाली ठेवून पाहिली की झालं. रेडिओवर चित्र दाखवता येत नाही, म्हणून श्रोत्याच्या हातातलीच वस्तू वापरली.

आकडा एकच ठेवला. मुंबईत डॉ. प्रकाश गुप्ता आणि सहकाऱ्यांनी सुमारे एक लाख लोकांची अनेक वर्षं नोंद ठेवली. तो अभ्यास २००५ साली छापून आला. त्यात न ओढणाऱ्या पुरुषांच्या तुलनेत मृत्यूचा धोका सिगारेटवाल्यांत ३७ टक्के, तर बिडीवाल्यांत ६४ टक्के जास्त निघाला. बिडी ओढणारा बहुधा जास्त गरीब असतो आणि गरिबीही आयुष्य कमी करते, त्यामुळे दोघांमधला सगळा फरक बिडीच्या माथी मारता येत नाही. पण ‘हलकी’ हा शब्द मात्र टिकत नाही.

दुसरा दावा जास्त चिवट : ‘बिडी मारली की थकवा जातो, मग पोतं उचलायला जोर येतो.’ पहिला अर्धा भाग ओढणाऱ्याला खराच वाटतो. निकोटिन रक्तातून साधारण दोन तासांत निम्मं होतं. सकाळपासून बिडी नसली की चिडचिड होते, डोकं जड होतं, आणि पुढची बिडी ती तलफ भागवते. ज्याला थकवा म्हणतो, त्यातला बराचसा आधीच्या बिडीनंच आणलेला असतो. जोराचं तर उलट आहे. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात प्राणवायूची जागा धरून बसतो. नेमकं पोतं पाठीवर असताना प्राणवायू कमी पडतो. डाळीची धूळ छातीत जात असतेच, त्यात हा धूर.

इथं चाचांच्या तोंडी रमजान आला. रोज्यात धूर चालत नाही, त्यामुळे दिवसाला बंडल संपवणारेही पहाटेपासून मगरिबपर्यंत तेरा-चौदा तास बिडीशिवाय काम करतात. शांत बसलेल्या माणसाच्या रक्तातला तो वायू चार-पाच तासांत निम्मा होतो. म्हणजे संध्याकाळपर्यंत रक्त बरंच मोकळं झालेलं असतं. आणि मग? खजूर तोंडात जाते न जाते, तोच अनेकांचा हात खिशाकडे जातो.

दत्ता : मंग चाचा, इफ्तारीनंतर काय करावं?

चाचा : पहिले दोन-तीन दिवस लई जड जातात. तलफ उठली की पाणी प्यावं, दोन पावलं चालून यावं. पाच-दहा मिनिटांत ती उतरते. मग हळूहळू दोन-चार आठवड्यांत कमी होते.

शेवटी सरकारी मदतवाहिनीचा मोफत क्रमांक दिला : १८००-११-२३५६. हा मात्र दोनदा आणि सावकाश वाचायचा, मधे थांबून. उष्ट्या हातानं डबा बंद करणाऱ्याला पेन सापडायला तेवढा वेळ लागतोच.