माळवद, स्लॅब आणि पत्रा : छपराच्या कार्बनचा हिशेब

30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे किल्लारी आणि सास्तूर परिसरात भूकंपात माणसे मेली ती मुख्यतः घरे अंगावर कोसळून. मातीत रचलेल्या दगडांच्या जाड भिंती आणि त्यांवर माळवद. तुळया, फळ्या आणि वर माती. गळती थांबवायची म्हणून पावसाळ्याआधी मातीचा नवा थर पडायचा, जुना मात्र कुणी काढत नसे. पिढ्या सरता सरता छप्पर जडच होत गेले.

आज बांधकामाचा कार्बन मोजणारे ज्या छपराला सर्वांत स्वच्छ म्हणतील, ते हेच. एखादी वस्तू तयार करताना, वाहून आणताना आणि बसवताना हवेत जो कार्बन डायऑक्साइड जातो, त्याला तिचा अंतर्निहित कार्बन म्हणतात. माळवदाची माती गावच्याच शिवारातली आणि तिला भट्टी लागत नाही. घर पाडले तर माती मातीत जाते, सागाच्या तुळया दुसऱ्या घराला लागतात. पुनर्वापर म्हणतात तो याहून वेगळा काय असतो?

शंभर चौरस फुटांची एक खोली घेऊ. दीड फूट माती असेल तर नुसत्या मातीचेच वजन साडेसहा टनांच्या आसपास जाते. त्याच खोलीवर बारा सेंटिमीटरचा स्लॅब टाकला तर वजन पावणेतीन टन होते, पण सिमेंट आणि लोखंड मिळून साधारण पाचशे किलो कार्बन डायऑक्साइड आधीच हवेत गेलेला असतो. सिमेंटचा मोठा वाटा इंधनाचाही नसतो. चुनखडी भाजली की तिच्यातूनच हा वायू सुटतो. त्यामुळे भट्टी सौरऊर्जेवर चालवली तरी तो टळत नाही. पुढे स्लॅब फोडला तर सळई भंगारात जाते आणि काँक्रीटची खडी होते. सिमेंट मात्र परत मिळत नाही.

लोखंडी पत्रा आणि त्याखालचे पाइप मिळून नव्वद किलोच्या घरात जातात. नव्या पोलादाचे धरले तर सव्वादोनशे-अडीचशे किलो कार्बन. म्हणजे स्लॅबच्या निम्मा, आणि वजन तर नाममात्रच. शिवाय गंजलेला पत्राही भंगारवाला किलोवर घेतो. हे भंगार जालन्यासारख्या ठिकाणच्या इंडक्शन भट्ट्यांत वितळून पुन्हा सळई होऊ शकते. भंगारापासूनच्या पोलादाचा कार्बन खनिजापासूनच्या पोलादाहून बराच कमी असतो. एक मेख आहे. या भट्ट्यांत भंगारासोबत कोळशावर बनलेले स्पंज आयर्नही पडते, म्हणून ‘पुनर्चक्रित’ सळई पूर्ण स्वच्छ समजू नये.

सिमेंटचा पत्रा कागदावर याहूनही हलका पडतो, कारण तो पातळ असतो. पण त्यात ॲस्बेस्टॉस असेल तर तो हिशेब बाजूला ठेवावा. असा पत्रा कापला, भोक पाडले किंवा फुटला की बारीक तंतू हवेत उडतात आणि फुफ्फुसात बसतात. त्याचा पुनर्वापर नाही. अंगणात फुटके तुकडे भराव म्हणून टाकणे सर्वांत वाईट.

पत्र्याचा खरा दोष नांदेडच्या मे महिन्यात कळतो. पारा त्रेचाळीसला टेकला की पत्र्याखाली थांबवत नाही. मग खालून थर्माकोल लागतो. पाच सेंटिमीटर जाडीचा थर आपल्या खोलीला सात-आठ किलो भरतो आणि त्याचा कार्बन साधारण पंचवीस किलो. आपल्याकडची वीज युनिटमागे सुमारे 0.7 किलो कार्बन सोडते. या थरामुळे दिवसाला एक युनिट जरी वाचली, तरी सव्वा महिन्यात तो कार्बन फिटतो. उष्णतारोधकाला कार्बनच्या नावाने घाबरायचे कारण नाही. प्रश्न येतो तो काढताना. थर्माकोल इतका हलका की भंगारवाल्याला तो नेणे परवडत नाही, शेवटी जळतो किंवा नाल्यात जातो. तो पेटही लवकर घेतो, त्यामुळे चुलीजवळ नकोच.

गोदामांवर दिसणाऱ्या पफ पॅनेलची गोष्ट आणखी अवघड. दोन पत्र्यांमध्ये फेस भरलेला असतो आणि तो पत्र्याला घट्ट चिकटतो. थर्माकोल निदान वितळवून पुन्हा घडवता येतो, हा फेस येत नाही. शिवाय पत्रा एकाऐवजी दोन, म्हणजे धातूचा कार्बनही वाढला. विकायला पत्रा सोलावा लागतो, आणि सोलण्याची मजुरी पत्र्याच्या किमतीला खाऊन टाकते.

भूकंपानंतर अभियंत्यांनी जुन्या घरांसाठी सुचवलेले उपाय मला अजूनही सर्वांत शहाणे वाटतात : छपरावरची जादा माती उतरवा, भिंतींना आरपार बांधणारे दगड घाला, वरून सलग पट्टा फिरवा. माळवद शाबूत असेल तर ते पाडून स्लॅब टाकणे हा कार्बनचा आणि पैशांचा दुहेरी खर्च आहे. पण आधी भिंती जाणकाराला दाखवा. दगडाच्या आतल्या आणि बाहेरच्या थरांत फट पडली असेल, भिंतीला पोट सुटले असेल, तर नुसती माती उतरवून भागणार नाही.

नवे बांधत असाल आणि वर मजला चढवायचा नसेल, तर पत्रा घ्या. त्याखालचा थर मात्र गोंदाने चिकटवू नका, पट्ट्या आणि स्क्रूने बसवा, म्हणजे पंचवीस वर्षांनी तो वेगळा निघेल.